'वनस्पतींचा अर्क' म्हणून मी पाच महिने स्टिरॉइड गिळत होते

एका डब्याचे २,४००. असे पाच डबे घेतले, म्हणजे १२,०००. एका डब्यात ६० कॅप्सूल, सकाळी एक आणि रात्री एक. आकडे आधीच सांगून टाकते, कारण जो तो पहिल्यांदा "किती गेले?" हेच विचारतो. पैसे गेले ते गेलेच, पण पैशांपेक्षा जास्त जे गेलं ते अजून परत आलेलं नाही.

मी लहानपणापासून किडकिडीत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वजन ४१ किलो होतं आणि त्यावरून काय काय ऐकलंय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. "अंगाला लागणाऱ्या" कॅप्सूलचा नंबर आमच्याच वर्गातल्या एका मुलीकडून मिळाला. ती स्वतः घेत होती आणि खरंच भरली होती. मग मी का विश्वास ठेवू नये? डब्यावर पानांचं चित्र होतं, "वनस्पतींचा अर्क, दुष्परिणाम नाहीत" एवढाच मजकूर. कुठल्या वनस्पती, कोणी बनवलं, बॅच नंबर, काहीच नाही. आज ते दिसतं. तेव्हा फक्त पानं दिसली.

चौथ्या दिवसापासून भूक अशी लागायला लागली की रात्री दोनला उठून खात होते. झोप कमी झाली, पण थकवा नाही, उलट अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं. सहा आठवड्यांत चेहरा भरला. विकणाऱ्याने फोटो मागितला, मी हौसेने काढून पाठवला. "बघा, चेहऱ्यावर आधी दिसतं, मग अंगावर," असं तो म्हणाला.

अंगावर कधी दिसलंच नाही. पोट सुटलं, मानेच्या मागे पाठीवर एक गादीसारखा उंचवटा आला, गाल इतके फुगले की आरशात समोरून कान दिसेनात. हातपाय मात्र होते त्याहून बारीक झाले. वजन वाढलं की ते सगळीकडे थोडंथोडं वाढतं, एवढं मलाही कळत होतं. पण काट्यावर ५४ दिसत होते आणि मला तेवढंच बघायचं होतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. दुसरा डबा संपला आणि तिसरा यायला चार दिवस उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सांधे दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी मळमळ, अन्नावर वासना नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. चौथ्या दिवशी मी अंथरुणातून उठले नाही. पार्सल आलं, कॅप्सूल घेतली आणि संध्याकाळपर्यंत मी टवटवीत! मी काय निष्कर्ष काढला असेल? औषध किती चांगलं आहे, बंद केलं तर बघा काय होतं. विकणाऱ्यानेही आधीच बजावलं होतं, "मध्येच सोडू नका, ताकद उतरेल." अहो, जे खरोखर नुसतं झाडपाल्याचं आहे ते चार दिवस चुकलं तर माणूस आडवा होतो का? ते वाक्य म्हणजे त्याचा कबुलीजबाब होता. त्याला पक्कं ठाऊक होतं आत काय आहे. तुम्हाला कोणी "नैसर्गिक आहे, पण अचानक बंद करू नका" असं म्हणालं, तर तिथेच थांबा आणि तो डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग डाग वाढत गेले. कुठे आपटल्याचं आठवत नाही, पण नडगीवर निळं, मांडीवर जांभळं. एकदा रस्ता ओलांडताना रूममेटने मला दंडाला धरून मागे ओढलं. दुसऱ्या दिवशी दंडावर तिची चार बोटं उमटली होती, चार वेगवेगळे जांभळे पट्टे, अंगठ्याचा मागच्या बाजूला. ती घाबरली, "मी एवढं जोरात नव्हतं गं धरलं." तिने नव्हतंच धरलं. पोटावर आणि काखेजवळ बोटाएवढे रुंद, लालसर जांभळे चिरे पडले होते, ते मी तिलाही दाखवले नव्हते.

पहिले डॉक्टर म्हणाले, "खाणं कमी करा, चालायला जा." थायरॉईड तपासलं, ठीक. डागांसाठी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी केली, तीही ठीक. रक्तात दोष नव्हताच, कातडीत होता. स्टिरॉइडने कातडी विरविरीत होते, बारीक रक्तवाहिन्यांचा आधार जातो आणि नुसत्या दाबाने त्या फुटतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा "सगळं नॉर्मल" हे ऐकून घरी आले आणि कॅप्सूल घेतली.

हार्मोन्सच्या डॉक्टर मॅडमनी मला बघताच बीपी घेतलं, १४८/९६. वय १९. मग म्हणाल्या, "उकिडवी बस आणि हात न टेकता उठ." मला उठता आलं नाही. भर दवाखान्यात, आईसमोर, मी जमिनीवर बसलेली आणि मांड्यांत जोरच नाही. जिने चढताना कठडा धरावा लागतो हे मी वजनावर ढकलत होते. त्या म्हणाल्या, नुसत्या लठ्ठपणात वजन वाढतं, चेहराही गोल होतो, पण कातडी अशी पातळ होत नाही, मांड्यांचे स्नायू असे झिजत नाहीत आणि चिरे एवढे रुंद, जांभळे नसतात. हे सगळं एकत्र दिसलं की शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड हार्मोन, कॉर्टिसोल, जास्त झाल्याची, कुशिंगची शंका घ्यायची.

त्यांनी विचारलं, "स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन, इनहेलर, चेहऱ्याची क्रीम, काही घेतेस?" मी म्हणाले, नाही. "दुसरं काही? पावडर, काढा?" नाही. मी खोटं बोलले नाही. माझ्या लेखी ते औषधच नव्हतं, आणि आईसमोर वजनाच्या कॅप्सूलचं सांगायची लाजही वाटली. या एका "नाही"मुळे दोन आठवडे गेले.

सकाळी आठचं कॉर्टिसोल आलं ०.६. त्या वेळी निरोगी माणसाचं बहुतेक १० च्या आसपास किंवा वर असतं. आई म्हणाली, "कमी आहे म्हणजे बरंच झालं ना?" मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि फक्त माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अंगावर कॉर्टिसोल मावत नाहीये आणि रक्तात शून्याजवळ. याचा अर्थ बाहेरून काहीतरी जातंय, जे या तपासणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जात नाही. आता नीट आठव." मेंदूकडून ॲड्रिनल ग्रंथींना हुकूम देणारं हार्मोन, एसीटीएच, तेही जवळपास नव्हतं. ट्यूमर असता तर माझं स्वतःचं कॉर्टिसोल जास्त आलं असतं. माझ्या ग्रंथी तर झोपी गेल्या होत्या, कारण त्यांचं काम दुसरंच कोणी करत होतं.

मी पिशवीतून डबा काढला. रागाने तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले तर त्यांनी हात धरला. एक तर तो पुरावा. दुसरं, त्या दिवशी मी सगळं एकदम सोडलं असतं तर त्या चार दिवसांत झालं तेच झालं असतं, आणि वरून ताप किंवा जुलाब आले असते तर बीपी कोसळून जीवही गेला असता. त्यांनी त्याच दिवसापासून मोजून मापून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडच सुरू केलं आणि हळूहळू उतरवलं. हे वाचणाऱ्या कोणाकडे असा डबा असेल तर कृपा करून आवेशात फेकू नका. आधी डॉक्टर.

प्रयोगशाळेत कॅप्सूलमध्ये डेक्सामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड निघालं. सरासरी साधारण एक मिलिग्रॅम, पण एकीत ०.६ तर दुसरीत १.४, म्हणजे घमेल्यात कालवून भरलेलं. रोजच्या दोन मिलिग्रॅमचा जोर शरीराच्या भाषेत हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे औषध म्हणून मिळणाऱ्या कॉर्टिसोलच्या, ५० मिलिग्रॅमएवढा. शरीराला दिवसाला लागतं साधारण १५ ते २०.

रिपोर्ट हातात आल्यावर मला वाटलं, आता हा माणूस सुटत नाही. मी किती भोळी! औषध तपासणीच्या कार्यालयात सांगितलं, फोडलेला डबा नमुना म्हणून चालत नाही, आमचा माणूस विक्रीच्या जागेवरून घेईल. विक्रीची जागा कुठली? एक फोन नंबर. मग म्हणाले, वनस्पतींचं आहे म्हणजे दुसऱ्या विभागाकडे जा. दुसरा विभाग म्हणाला, स्टिरॉइड निघालंय म्हणजे ते आमचं नाही, त्यांचंच. दोन्ही टेबलं एकाच इमारतीत, मध्ये एक जिना, आणि माझ्या मांड्यांत तो चढायचा जोर नाही! पोलिसांनी विचारलं, "कोणी जबरदस्तीने खाऊ घातलं का?" पैसे पाठवले त्या ॲपवाले म्हणाले, तुम्ही स्वतः पाठवलेत, मग ही फसवणूक धरता येत नाही. बिल आहे का? नाही. बिल देणारा माणूस असला धंदा करेल का? सात चकरा झाल्या. सातव्या वेळी एक कर्मचारी माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "आता तर चांगली तब्येत आहे की तुमची." मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले.

जी मुलगी नंबर देणारी, तिला मी रिपोर्ट आला त्याच रात्री सांगितलं. तिने आधी मला वेड्यात काढलं, मग तपासून घेतलं. तिचं कॉर्टिसोल १.१.

आज सात महिने झाले. वजन ४६ आहे, चिरे पांढरे पडत चाललेत, उकिडवं बसून उठता येतं. सकाळचं कॉर्टिसोल ४.२ वर आलंय, म्हणून अजून रोज १५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं. ताप आला की डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर थेट इंजेक्शन, आणि पाकिटात तसं कार्ड. परीक्षेला जाताना हॉल तिकिटाआधी मी ते कार्ड तपासते.

त्याचा नंबर अजून सुरू आहे. गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या बहिणीला त्याची जाहिरात आली. त्यात "फक्त सहा आठवडे" असं लिहून एक फोटो लावला होता, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला. हनुवटीखालचा तीळ मी ओळखला. काढून टाक म्हणून मी चार वेळा कळवलं, त्याने मला ब्लॉक केलं. तो गोल, लालसर, हसरा चेहरा तुमच्यापर्यंत आला तर त्याखालचं लिहिलेलं वाचू नका. तो माझा आहे, आणि त्या दिवशी माझ्या अंगावर पहिला निळा डाग आला होता.