मेष राशीच्या साडेसातीचा व्हिडिओ: कोणतं शीर्षक ठेवाल?

29 मार्च 2025 ला शनी मीनेत आला आणि मेष राशीची साडेसाती सुरू झाली. या विषयावर यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, तर शीर्षकाचे साधारण तीन पर्याय समोर येतात.

पहिला: «मेष राशी सावधान! सर्वनाश अटळ, हा उपाय 100% वाचवेल»
दुसरा: «शनी महाराजांची कृपा: एक चिंतन»
तिसरा: «मेष रास साडेसाती, पहिला टप्पा: नोकरी, पैसा, आरोग्य | शनी मीन राशीत 2025-2027»

पहिल्यावर क्लिक पडतील, नाही असं नाही. पण त्यात «साडेसाती» हा शब्दच नाही, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडणं अवघड. शिवाय आधीच नोकरी गेलेला माणूस तो वाचून हादरतो आणि महागड्या खड्याच्या मागे लागतो. हे मला अजिबात पटत नाही. आजार बरा करण्याचं आश्वासन देऊन कवच किंवा ताईत विकायला काढला, तर 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याचा प्रश्न येतो.

दुसरा सज्जन आहे, पण त्यात ना रास, ना साल. तो शोधात वर येणार कसा?

मी तिसरा घेईन. लोक शोधतात ते शब्द त्यात आहेत, आणि काय होईल याचा दावा नाही. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर शेवट कापला जातो, म्हणून रास आणि साडेसाती अगदी सुरुवातीला हवीत.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी «आणखी» दाबण्याआधीच दिसतात. तिथे असं लिहा: «ही माहिती चंद्रराशीनुसार, लाहिरी अयनांशाने. शनी जून 2027 मध्ये मेषेत जाईल, मग वक्री होऊन काही महिने पुन्हा मीनेत येईल. पारंपरिक फलादेश आहे, प्रत्येकाच्या कुंडलीनुसार अनुभव वेगळा.» अयनांश लिहायलाच हवा, कारण तमिळनाडूतल्या वाक्य पंचांगात शनीचा मीन प्रवेश 2025 ऐवजी 2026 मध्ये आहे आणि तारखेवरून कमेंटमध्ये हमखास वाद होतो. «होईलच», «टळणार नाही» यांऐवजी «मानलं जातं», «परंपरेत सांगितलं आहे» लिहिलं तरी शोधावर काही फरक पडत नाही. ते शब्द कुणी शोधतच नाही.

शोधणारे बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून टॅगमध्ये हे टाका:

```
mesh rashi sade sati, mesh ras sadesati, शनि, शनी, मेष राशी
```

टॅगचा उपयोग मुख्यतः अशा वेगवेगळ्या स्पेलिंगपुरताच. त्यांनी शीर्षकाची उणीव भरून निघत नाही.

व्हिडिओ आधीच पहिल्या पर्यायासारखा टाकला असेल, तर शीर्षक बदलता येतं, लिंक तीच राहते. बदलण्याआधी यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्समधले शोधशब्द आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात किती प्रेक्षक टिकतात ते टिपून ठेवा. क्लिक भरपूर आणि सुरुवातीलाच मोठी गळती दिसली, तर शीर्षकाने कबूल केलेलं व्हिडिओत सापडत नाही, असं समजा.