उभा गीझर आडवा टांगून दिला, आणि पंचवीस लिटरच्या पैशात आठ लिटर पाणी

बेळगावात शहापूर, वडगाव भागातल्या जुन्या घरांत न्हाणीघराचा माळा अगदी डोक्याशी असतो. बंब गेला, गीझर आला, पण भिंत तेवढीच राहिली. तिथं कुठला गीझर बसतो हे दुकानदाराला माहीत असतं. नसलेला माल असल्यासारखा विकायचा म्हटलं की तो गप्प बसतो.

शहापुरातल्या एका घरचं प्रकरण आहे. न्हाणीघराची भिंत चार फूट रुंद. फरशीपासून माळ्याच्या तळापर्यंत सात फूट. गरम-थंड पाण्याचे दोन पॉइंट साडेपाच फुटांवर, उजव्या कोपऱ्यात. म्हणजे पॉइंटच्या वर माळ्यापर्यंत दीडच फूट जागा. पंचवीस लिटरचा उभा गीझर साधारण पन्नास सेंटिमीटर उंच असतो. त्याखाली पाइप वळायला वीतभर जागा लागते, शिवाय पुढे कधी कॉइल काढायची तर ती खालूनच निघते, तिच्यासाठी आणखी मोकळं ठेवावं लागतं. दीड फुटात हे बसत नाही. आडवा गीझर मात्र व्यासाला चाळीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर असतो आणि लांबीला पंचावन्न-साठ, म्हणजे तो या भिंतीवर बसला असता. पॉइंट उजवीकडे असल्यामुळे पाइपही उजवीकडे असलेलं मॉडेल हवं होतं. आडव्या गीझरमध्ये डावं आणि उजवं अशी वेगळी मॉडेलं येतात, ही गोष्ट बहुतेक गिऱ्हाइकांना कुणी सांगतच नाही.

दुकानात उजवं आडवं मॉडेल नव्हतं. दुकानदार म्हणाला, "उभाच घेऊन जा की ओ, आमचा माणूस आडवा लावून देतो. आत टाकी तीच." आडवा गीझर उभ्यापेक्षा महाग असतो, आणि घेतले तेही आडव्याचेच पैसे. बिलावर मॉडेल नंबर नाही, नुसतं "गीझर 25 लि."

टाकी तीच नसते. फसवणूक इथंच आहे, म्हणून आत काय असतं ते नीट बघू. उभ्या गीझरमध्ये निळ्या तोंडातून थंड पाणी तळाशी येतं. लाल तोंडाला आतून एक सरळ नळी जोडलेली असते, ती टाकीच्या माथ्यापर्यंत जाते. गरम पाणी माथ्याशी जमतं आणि तिथूनच उचललं जातं. टाकी भरताना हवाही त्याच नळीतून निघून जाते. आता हीच टाकी आडवी करा. नळी सरळच राहते, पण तिचं तोंड आता माथ्याशी नसतं, टाकीच्या मध्याच्या आसपास असतं. त्या तोंडाच्या वरची हवा बाहेर पडायला वाट नाही. पाणी तोंडापर्यंत चढतं आणि नळातून वाहू लागतं. बघणाऱ्याला वाटतं, टाकी भरली.

किती भरली, ते गीझर कुठल्या बाजूला लोळवला यावर ठरतं. समोरून पाहिलं तर बहुतेक गीझरना लाल तोंड डावीकडे आणि निळं उजवीकडे असतं, मध्ये साधारण दहा सेंटिमीटर अंतर. बूड डावीकडे करून टांगला तर लाल तोंड वर येतं आणि टाकी सत्तर टक्क्यांपर्यंत तरी भरते. बूड उजवीकडे केलं की लाल तोंड खाली जातं, आणि टाकी जेमतेम तीस टक्के भरते. या घरात पॉइंट उजवीकडे होते, तेव्हा प्लंबरनं बूड उजवीकडेच केलं. पंचवीस लिटरच्या गीझरात सात-आठ लिटर पाणी राहिलं. नळ बंद असताना गच्चीवरच्या टाकीचा दाब आतली हवा थोडी दाबतो, त्यामुळे पाणी जरा चढतं, पण नळ उघडला की पुन्हा खाली.

कॉइल मधोमध. म्हणजे कधी पाण्यात, कधी अर्धी हवेत. हवेतला भाग लालबुंद तापतो, थर्मोस्टॅटलाही पाण्याचं खरं तापमान कळत नाही, सेफ्टी कटआउट पुन्हा पुन्हा तुटतो. या घरात पाचव्या महिन्यात कॉइल गेली. बाहेर काढली तेव्हा खालच्या कडीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसलेला, वरची कडी काळी, फुगून तडकलेली. पाण्याची पातळी कुठपर्यंत होती, ते त्या रेघेवरूनच दिसत होतं. कंपनीच्या माणसानं भिंतीकडे एक नजर टाकली आणि वॉरंटी नाकारली. चुकीच्या स्थितीत बसवलेल्या गीझरला वॉरंटी लागू नाही, असं कार्डावर छापलेलंच असतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

आपल्या घरी असं झालंय का, हे कॉइल जळायच्या आधीच ओळखता येतं. पहिली खूण डोळ्यांसमोर असते: गीझरवरचं नाव आणि तापमानाच्या खुंटीचे आकडे वाचायला मान वाकडी करावी लागत असेल, तर तो उभा गीझर आहे. दुसरी खूण घड्याळाची. दोन हजार वॅटच्या गीझरला पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण पस्तीस मिनिटं लागतात. सगळं पाणी थंड असताना बटण दाबलं आणि दिवा दहा-पंधरा मिनिटांत विझला, तर आत तेवढं पाणीच नाही. तिसरी, नळ उघडताच थुंकल्यासारखं पाणी आणि हवा येते. खात्री करायची तर दिवा विझल्यावर मेन स्विच बंद करा, फक्त गरम नळ सोडा आणि कोमट होईपर्यंत किती लिटर निघतं ते बादलीनं मोजा. हात जपा, पहिलं पाणी पोळतं.

जागा असेल तर उभाच घ्यावा. उभ्या टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली असं नीट वेगळं राहतं, म्हणून एका भरतीत वापरायला जास्त पाणी मिळतं. माळा आड येत असेल तर आधी दुसरी भिंत बघा, किंवा पंधरा लिटरचा बुटका उभा चालतो का ते बघा. तेही जमलं नाही तर आडवा, आणि मग ज्या बाजूला त्याचं झाकण उघडतं त्या बाजूला फूटभर मोकळी जागा सोडा. नाहीतर प्रत्येक वेळी टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियम रॉड बदलायला अख्खा गीझर भिंतीवरून उतरवावा लागेल.

दुकानात जाताना चार आकडे कागदावर लिहून न्या: भिंतीची रुंदी, पॉइंटची उंची, पॉइंटच्या वरची मोकळी जागा आणि पॉइंट डावीकडे आहेत की उजवीकडे. खोक्यावरचं मापाचं चित्र त्याच्याशी जुळवा. बिलावर मॉडेल नंबर आणि "आडवा, उजवा" असं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

शहापूरच्या त्या घरात बिलानं काही साथ दिली नाही, पण खोकं माळ्यावर पडून होतं. त्यावर उभ्या मॉडेलचा छापील शिक्का आणि भिंतीवरच्या गीझरवर होता तोच मॉडेल नंबर. त्याचा आणि भिंतीवरच्या गीझरचा फोटो काढून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगाकडे जायलाही दोन वर्षांची मुदत असते. दुकानदारानं तोपर्यंत थांबायला लावलं नाही, उजवं आडवं मॉडेल आणून बदलून दिलं. प्लंबरची मजुरी मात्र घरच्यांनाच दुसऱ्यांदा भरावी लागली.