पैठणी तुमची, क्यूआर कोड भलत्याचा

इन्स्टाग्रामवर पैठणी विकणाऱ्या छोट्या ब्रँडचे फॉलोअर वाढू लागले, की तोतये त्याच्यावर डोळा ठेवतात. नावात एक जादा अंडरस्कोअर किंवा शेवटी `_official`, लोगो तोच, फोटोही तेच. खातं तयार झालं की तोतया आधी मूळ ब्रँडलाच ब्लॉक करतो. त्यामुळे मालकाला ते दिसत नाही. "पैसे भरले, साडी कुठाय?" असा फोन आल्यावरच कळतं. म्हणून आपल्या ब्रँडचं नाव अधूनमधून दुसऱ्याच्या फोनवरून शोधावं.

गिऱ्हाईक तोतयाला ब्रँडच्याच कमेंटमध्ये मिळतं. समजा, एका ताईंनी फोटोखाली "किंमत?" असं विचारलं. थोड्याच वेळात तोतयाचा मेसेज येतो: "ताई, १२,००० ची पैठणी आज ७,५०० ला. निम्मे आगाऊ पाठवा." किमती फक्त मेसेजमध्ये सांगणारे ब्रँड इथे स्वतःच्या हाताने वाट मोकळी करून देतात, कारण मेसेजमधून भाव येणं गिऱ्हाइकाच्या सवयीचं झालेलं असतं. किंमत सरळ पोस्टवर लिहा.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी बँक खातेदाराचं नाव दिसतं. तिथे अनोळखी नाव दिसलं आणि "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" असं उत्तर आलं, तर थांबा. ३,७५० रुपये गेल्यावर "पार्सलचा विमा १,५००, नंतर परत मिळेल" अशी दुसरी मागणी आली, तर ती फसवणूकच समजा.

पैसे गेले असतील तर गिऱ्हाइकाने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येण्याची आशा असते.

ब्रँडकडून इथे एक घाई हमखास होते: "सगळ्यांनी रिपोर्ट करा" अशी स्टोरी टाकली जाते. रिपोर्ट किती आले यावर खातं हटवणं ठरत नाही, आणि तोतया सावध होऊन नाव बदलतो. आधी प्रोफाइलची लिंक, चॅट आणि क्यूआर कोड जपून ठेवा. मग इन्स्टाग्रामचा तोतयेगिरीचा फॉर्म मालकाने स्वतः, ओळखपत्र जोडून भरावा. शिवाय फोटो तुम्ही काढलेले असतील तर कॉपीराइटची वेगळी तक्रार करा. तीत मूळ पोस्ट आणि चोरलेली पोस्ट, दोन्हींच्या लिंक द्या. त्यासाठी कॉपीराइटची नोंदणी लागत नाही. पुरवठादाराकडून आलेल्या फोटोंवर मात्र तुम्हाला हा दावा करता येत नाही. पोलिसांकडे अर्ज देताना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डचा उल्लेख करा.

एक खातं बंद झालं तरी दुसरं उघडायला वेळ लागत नाही. त्यामुळे बँकेत ब्रँडच्याच नावाचं चालू खातं काढा आणि पैसे भरताना कोणतं नाव दिसेल, ते प्रोफाइलवर सगळ्यात वर लिहून ठेवा.