पाइप कारखान्याच्या गुणवत्ता बैठकीतील पॅरेटो स्लाइड: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव एमआयडीसीतील आमच्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात मासिक गुणवत्ता बैठकीसाठी आम्ही गेले काही महिने पॅरेटो आलेखाची एकच स्लाइड वापरत आहोत. डावीकडे नाकारलेल्या पाइपांची संख्या, उजवीकडे एकत्रित टक्केवारी, उतरत्या क्रमाने स्तंभ आणि त्यावर चढत जाणारी रेषा, एवढीच तिची मांडणी आहे.

पहिल्या आलेखात ४०० पाइप नाकारलेले होते. त्यांपैकी १६८ जाडी असमान असल्यामुळे, ११२ सॉकेट बिघडल्यामुळे, ४८ जळक्या रेषांमुळे, ३२ बुडबुड्यांमुळे, २० पुसट छपाईमुळे आणि २० इतर कारणांनी बाद झाले. रेषा ४२, ७० आणि ८२ टक्के अशी चढली, म्हणजे पहिल्या तीन प्रकारांत बहुतेक दोष सामावले. डावा अक्ष ४०० वरच संपवला, तर रेषेचा पहिला बिंदू पहिल्या स्तंभाच्या माथ्यावर बसतो. तो तसा बसला नाही, तर अक्ष चुकला आहे हे लगेच कळते. एक्सेलमधील तयार पॅरेटो आलेख स्तंभ आपोआप आकारानुसार लावतो, त्यामुळे ‘इतर’चा आकडा वाढला की तो स्तंभ मध्येच येतो. म्हणून आम्ही स्तंभ आणि रेषा यांचा संयुक्त आलेख स्वतः तयार करतो आणि ‘इतर’ नेहमी शेवटी ठेवतो.

मात्र ‘असमान जाडी’ हा दोष आहे, कारण नव्हे, आणि माझ्या मते या स्लाइडचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो. त्या १६८ पाइपांची लाइननुसार विभागणी करून दुसरा आलेख काढला, तेव्हा ११८ पाइप एकाच लाइनवरचे निघाले, आणि नोंदवहीतील वेळा पाहता त्यांतील बहुतेक साइज बदलल्यानंतरच्या पहिल्या तासातले होते. कापलेले कडे मायक्रोमीटरने मोजले असता एका बाजूस ३.९ मिमी आणि समोरच्या बाजूस २.८ मिमी जाडी आढळली, म्हणजे डायचे सेंटरिंग नीट होत नव्हते. पावसाळ्यापूर्वी रावेर-यावलच्या केळी बागायतदारांची मागणी वेगवेगळ्या मापांची असते आणि साइज वारंवार बदलावी लागते, तेव्हा हा दोष फोफावतो. आता साइज बदलल्यावर कड्याची जाडी चारही बाजूंनी जुळेपर्यंत डायचे बोल्ट लावून घेतले जातात आणि त्यानंतरच माल मोजणीत धरला जातो.

पुढील महिन्यांच्या स्लाइडवरही डावा अक्ष आम्ही ४०० वरच ठेवला आहे, कारण टक्केवारी दर महिन्याला १०० वरच पोहोचते आणि एकूण दोष निम्म्यावर आले तरी नुसती रेषा तशीच दिसते. अक्ष स्थिर ठेवल्यावर पहिल्या बिंदूची खूण मात्र लागू पडत नाही. शिवाय उत्पादन कमी झाले तरी स्तंभ उतरतात, त्यामुळे त्या महिन्याचे एकूण उत्पादनही स्लाइडच्या कोपऱ्यात लिहावे लागते. एक उणीव अजून आहे: नगांच्या मोजणीत लहान व्यासाचा पाइप आणि मोठ्या व्यासाचा पाइप सारखेच ठरतात, म्हणून हाच आलेख आम्ही किलोमध्येही काढू लागलो आहोत.