‘एनएबीएल सर्टिफिकेट मिळेल का?’ एवढंच विचारलं आणि फसलो

सावद्याजवळ आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. प्रीकूलिंगच्या दोन खोल्या आणि केळी पिकवण्याचे सहा चेंबर, म्हणजे तापमानाचे आठ सेन्सर. दिवाळीआधी एका मोठ्या खरेदीदाराने अट घातली की सगळ्या सेन्सरांचं एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट हवं. एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी संस्था, आणि कॅलिब्रेशन म्हणजे सेन्सरचं वाचन खऱ्या तापमानाशी ताडून पाहणं. मी त्याच संध्याकाळी तीन लॅबना ईमेल टाकला. तो असा होता: ‘आमच्याकडे ८ टेम्परेचर सेन्सर आहेत. कॅलिब्रेशन करून एनएबीएल सर्टिफिकेट हवे आहे. दर कळवावा.’ मला फसवणाऱ्याला वाट या तीन वाक्यांनीच मोकळी करून दिली. रावेर, यावल, चोपड्याकडे आता घरोघर कोल्ड रूम उभ्या राहताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तीनपैकी दोन लॅबनी दर न कळवता उलट प्रश्न विचारले. सेन्सर कोणत्या तापमानात वापरता, कोणत्या पॉइंटला तपासायचं, सेन्सर सुटा की इंडिकेटरसकट, किती अनिश्चितता चालेल, म्हणजे मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा किती इकडेतिकडे असला तर चालेल. मला तो वेळकाढूपणा वाटला. तिसऱ्या लॅबने तासाभरात कोटेशन पाठवलं: सेन्सरमागे ४५० रुपये, येण्याजाण्याचा खर्च नाही, चार दिवसांत सर्टिफिकेट. काम त्यांना दिलं. आज मला कळतं की प्रश्न विचारणाऱ्या त्या दोन्ही लॅब आपलं काम नीट करत होत्या.

त्यांचा माणूस एक पेटी घेऊन आला. तिला ड्राय ब्लॉक म्हणतात. धातूचा ठोकळा विजेवर तापतो, त्याच्या भोकात सेन्सर घालायचा आणि ठोकळ्याचं तापमान व सेन्सरचं वाचन जुळवून बघायचं. त्याने दोन चेंबरचे सेन्सर काढून त्यात घातले, बाकीच्यांचे फक्त नंबर लिहून घेतले. मी तेव्हा गाडी भरण्यात होतो. पाचव्या दिवशी आठ सर्टिफिकेटं आली, वर एनएबीएलचं चिन्ह. पॉइंट ०, २५ आणि ५० अंश, त्रुटी कुठे ०.० तर कुठे ०.१, अनिश्चितता ±०.२ अंश. फाईल खरेदीदाराकडे गेली आणि मी निश्चिंत झालो.

जानेवारीत पहिल्या प्रीकूलिंग खोलीतला एक लॉट बिघडला. हिरव्या फळाची साल नखाने अलगद सोलली की आतून तपकिरी रेषा दिसत होत्या, आणि पिकायला ठेवलेल्या फण्यांना पिवळा रंग चढण्याऐवजी राखाडी, मळकट छटा येत होती. हे थंडी लागल्याचं लक्षण. आपल्याकडे जानेवारीत बागेतच थंडी लागते, म्हणून सगळ्यांनी शेतकऱ्याकडे बोट दाखवलं. पण त्याच बागेतली, त्याच दिवशी कापलेली केळी दुसऱ्या खोलीत होती आणि ती उत्तम पिकली. मग दोष खोलीत होता. केळी साधारण १३ अंशांच्या खाली जास्त वेळ राहिली की अशी बिघडतात. आमचा इंडिकेटर मात्र रात्रंदिवस १३.५ दाखवत होता.

वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट फोरमन फैजपूरला राहतात. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, “सर्टिफिकेट नंतर पाहू भाऊ, आधी थर्मास आणि बर्फ आणा.” शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मास गच्च भरला, फटी भरतील एवढंच थंड पाणी घातलं. सेन्सर त्याच्या वायरीसकट तसाच ठेवून टोक खोलवर घातलं आणि अधूनमधून हलवत दहा-बारा मिनिटं थांबलो. बर्फ-पाण्याचं तापमान शून्य अंश. इंडिकेटर ०.९ वर येऊन थांबला. सर्टिफिकेटवर याच सेन्सरची शून्य अंशाला त्रुटी ०.१ लिहिलेली होती. म्हणजे इंडिकेटर १३.५ दाखवायचा तेव्हा खोली १२.६ च्या आसपास असायची.

मग त्यांनी पॅनल उघडलं आणि कारण सापडलं. आमचे सेन्सर पीटी-१०० आहेत. त्यांचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३९ ओहमने वाढतो. इंडिकेटर तो रोध मोजून तापमान दाखवतो. वायरीचा रोध हिशोबातून वगळता यावा म्हणून सेन्सरला तिसरी वायर असते. उन्हाळ्यात आम्ही पॅनल दुसऱ्या भिंतीवर हलवलं, तेव्हा वायरमनने दहा मीटरची साधी दोन वायरींची केबल जोडली, तिसरी वायर टेप लावून सोडून दिली आणि इंडिकेटरवर तिच्या जागी तुकडा टाकून दोन टर्मिनलं जोडली. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. जायला दहा, यायला दहा, म्हणजे ०.३६ ओहम. इंडिकेटरला तो रोध म्हणजे ०.९ अंश जास्त तापमान वाटत होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथे समजली. सेन्सर स्वतः चांगला होता. एखाद्या प्रामाणिक लॅबने तो सुटा काढून नेला असता तरी तो पास झाला असता, कारण दोष मधल्या केबलमध्ये होता. तपासायला हवी होती ती सेन्सर, केबल आणि इंडिकेटर मिळून पूर्ण साखळी. मी ते ईमेलमध्ये लिहिलंच नव्हतं.

पण त्या लॅबने केलं ते निव्वळ अर्धवट काम नव्हतं. फोरमनकाकांनी मला nabl-india.org वर त्या लॅबचा स्कोप उघडायला लावला. मान्यता लॅबला सरसकट नसते. कोणतं मापन, कोणत्या रेंजमध्ये आणि किती अनिश्चिततेपर्यंत, हे ओळीओळीने लिहिलेलं असतं. त्या शेवटच्या आकड्याला सीएमसी म्हणतात, म्हणजे ती लॅब जास्तीत जास्त किती बारकाईने मोजू शकते. या लॅबच्या स्कोपमध्ये तापमानाची एकच ओळ होती: ५० ते ६०० अंश, सीएमसी १.८ अंश. आमच्या सर्टिफिकेटवरचे ० आणि २५ हे पॉइंट त्यात बसतच नव्हते. आणि लॅबला आपल्या सीएमसीपेक्षा कमी अनिश्चितता मान्यतेच्या चिन्हाखाली लिहिता येत नाही, मग ±०.२ आलं कुठून? शिवाय तो ड्राय ब्लॉक फक्त तापवणारा होता. तो शून्यावर जाऊच शकत नव्हता. आकडे बसल्या जागी लिहिलेले होते.

फोन केला तर उत्तर मिळालं, “तुमच्या मेलमध्ये पॉइंट दिलेच नव्हते, आम्ही आमच्या पद्धतीने केलं.” कोटेशनच्या तळाशी खरोखरच बारीक अक्षरात ओळ होती: ‘पॉइंट लॅबच्या प्रचलित पद्धतीनुसार.’ मी लेखी तक्रार लॅबला आणि एनएबीएललाही केली. लॅबने सर्टिफिकेटं मागे घेतली, ३,६०० रुपये परत केले. गेलेला लॉट गेला, आणि ज्या शेतकऱ्याला आम्ही बोल लावला त्याच्याकडे मी स्वतः जाऊन माफी मागितली.

पॅनलला तीन वायरींची योग्य केबल टाकल्यावर मी नवा ईमेल लिहिला. तो जसाच्या तसा देतो, कुणाला उपयोगी पडला तर घ्या.

‘विषय: ८ तापमान साखळ्यांच्या जागेवरील कॅलिब्रेशनसाठी कोटेशन.

साधन: पीटी-१०० सेन्सर, तीन वायरी, सोबत डिजिटल इंडिकेटर, वाचन ०.१ अंशापर्यंत. नग ८. सेन्सर, केबल आणि इंडिकेटर न सोडवता एकत्र तपासायचे आहे.
वापराची रेंज: १० ते २० अंश सेल्सिअस.
पॉइंट: १०, १३.५ आणि १८ अंश.
आमची मर्यादा: ±०.५ अंश. हवी असलेली अनिश्चितता: ±०.१५ अंश किंवा कमी, सुमारे ९५ टक्के विश्वासपातळीला, के = २.
पास-नापासचा शेरा: त्रुटी आणि अनिश्चितता मिळून ०.५ च्या आत असेल तरच पास.
काही जुळवणी करावी लागल्यास आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही वाचने सर्टिफिकेटवर द्यावीत.

कोटेशनसोबत आपल्या चालू स्कोपमधली या रेंजची ओळ आणि जागेवरच्या कामाचा सीएमसी कळवावा. एखादा पॉइंट स्कोपबाहेर असेल तर काम घेण्याआधी सांगावे.’

±०.१५ मी कसं ठरवलं ते सांगतो, कारण हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल. आम्हाला १३.५ च्या खाली अर्ध्या अंशापेक्षा जास्त घसरण परवडत नाही. अनिश्चितता त्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असली तर त्रुटीला पुरेशी जागा उरते. ती ±०.४ असेल, तर ०.२ त्रुटी दिसणारा सेन्सर प्रत्यक्षात ०.६ ने चुकलेला असू शकतो. मग तो कागद आमच्या कामाचा नाही. उलट उगाच ±०.०२ मागितलं तर दर चढतो आणि ०.१ अंशापर्यंतच दाखवणाऱ्या इंडिकेटरवर तेवढी बारकाई मिळणारही नाही.

चार लॅबना हा मेल गेला. एकीने सरळ कळवलं की ही रेंज आमच्याकडे नाही. त्यांचे मी आभार मानले. एकीने सीएमसी ०.०८ लिहिला, पण स्कोप पाहिला तर तो त्यांच्या लॅबमधल्या कामाचा निघाला, जागेवरच्या कामाचा ०.४ होता. स्कोपमध्ये या दोन्हींच्या ओळी वेगळ्या असतात, हे तेव्हा कळलं. नाशिकच्या एका लॅबने जागेवरचा ०.१४ दाखवला, सेन्सरमागे १,८०० रुपये. काम त्यांना दिलं.

त्या लॅबचा मुलगा थंड करता येणारा द्रवाचा बाथ घेऊन आला. मला सर्टिफिकेटबद्दल एक शब्द बोलण्याआधी त्याने पॅनल उघडायला सांगून वायरी पाहिल्या. पहिल्या खोलीचा सेन्सर बाथमध्ये सोडला आणि १३.५ वर वाचन स्थिर व्हायला वीस मिनिटं थांबला. मग दोन मिनिटांच्या अंतराने पाच वाचनं लिहिली. एका खोलीलाच दीड तास लागला, आणि मी तो पूर्ण वेळ त्याच्या शेजारी उभा होतो.