गोळ्यांचा साप्ताहिक डबा आणि अलार्म : वडिलांच्या रक्तदाबाच्या उपचारातील काही महिन्यांचा अनुभव

वडिलांचे वय पंचाहत्तरीच्या आसपास असून त्यांचा उच्च रक्तदाबाचा उपचार बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. डबा आणला तेव्हा त्यांना रोज सकाळी तीन गोळ्या घ्यायच्या होत्या : टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. तिसरी गोळी नंतर वाढवली होती, कारण पहिल्या दोन गोळ्यांवर रक्तदाब आटोक्यात येत नव्हता. सात कप्प्यांचा डबा आणि मोबाइलचा अलार्म यांचा अनेक महिने वापर केल्यावर माझे मत असे झाले आहे की, आठवण करून देण्याचे साधन म्हणून डबा सामान्यच आहे. मात्र गोळी खरोखर घेतली गेली की नाही याची नोंद म्हणून तो फार मोलाचा आहे. हा फरक लक्षात येईपर्यंत आम्हाला त्याचा पुरेसा उपयोग करून घेता आला नाही.

डबा निवडताना झाकणे पारदर्शक असावीत आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे उघडावा, एवढे जरूर पाहावे. पारदर्शक झाकणामुळे कप्पा भरलेला आहे की रिकामा, हे तो न उघडता कळते. वृद्ध माणसाच्या बोटांना उघडता येईल इतके झाकण हलके असावे, पण हलके झाकण लहान मुलालाही सहज उघडता येते. रक्तदाबाच्या गोळ्या लहान मुलांसाठी धोकादायक असतात आणि अॅम्लोडिपिनसारख्या औषधाची तर एखादी गोळीही त्यांना गंभीर आजारी पाडू शकते. त्यामुळे ज्या घरात मुले येतात-जातात तेथे डबा उंचावर आणि नजरेआड असलाच पाहिजे, मग त्यामुळे आठवण थोडी कमी झाली तरी चालेल.

डबा भरण्याची पद्धत मला सुरुवातीपासून महत्त्वाची वाटली. एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या टाकून मग पुढच्या दिवसाकडे जाण्याऐवजी मी एकच औषध हातात घेतो, ते सातही कप्प्यांत टाकतो, त्याची स्ट्रिप बाजूला ठेवतो आणि मगच दुसरे औषध घेतो. असे केल्याने पडताळा आपोआप मिळतो : दहा गोळ्यांच्या नव्या स्ट्रिपमधून सात दिवसांच्या गोळ्या काढल्या तर तीन उरल्या पाहिजेत. चार उरल्या तर एखादा कप्पा रिकामा राहिला आहे, दोन उरल्या तर कुठेतरी दोन पडल्या आहेत. भरताना डॉक्टरांचा कागद समोर असतो आणि रिकाम्या होईपर्यंत स्ट्रिपा फेकल्या जात नाहीत, कारण स्ट्रिपमधून बाहेर आलेल्या लहान पांढऱ्या गोळ्या एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. आठवड्याच्या मध्यात एखादे औषध बंद झाले, तर उरलेल्या कप्प्यांतून नेमकी तीच गोळी काढायची असते आणि तेव्हा स्ट्रिपशी ताडून पाहण्याखेरीज मार्ग नसतो.

टेल्मिसार्टनचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. ही गोळी हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून तिच्या माहितीपत्रकात ती घेण्याच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावी, असे सांगितलेले असते. आठवडाभर डब्यात उघडी ठेवणे हे या सूचनेच्या विरुद्ध जाते. स्ट्रिप कात्रीने कापून वेष्टनासह एकेक गोळी कप्प्यात ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात. मी तो केला नाही, कारण नजर कमी असलेली व्यक्ती इतर गोळ्यांबरोबर वेष्टनासकट गोळी गिळू शकते आणि त्याच्या धारदार कडांनी अन्ननलिकेला इजा होऊ शकते. त्याऐवजी टेल्मिसार्टनच्या स्ट्रिपवर प्रत्येक गोळीच्या मागे मी पक्क्या शाईने वार लिहितो आणि ती स्ट्रिप डब्याच्या शेजारीच ठेवतो. कोणतेही औषध डब्यात टाकण्यापूर्वी त्याबद्दल औषधविक्रेत्याला एकदा विचारावे. प्रकाशाने खराब होणाऱ्या निफेडिपिनसारख्या गोळ्यांनाही पारदर्शक डबा मानवत नाही.

आता अलार्मविषयी. पहिल्या काही आठवड्यांत अलार्म गोळी घेण्याच्या वेळेला लावला होता. तो वाजे, बाबा हातातले काम न सोडता तो बंद करत आणि थोड्या वेळाने त्यांना गोळी घेतल्यासारखेच वाटे. अलार्म बंद करण्याची कृती आणि गोळी घेण्याची कृती स्मरणात एकमेकींत मिसळतात, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून आम्ही रचना बदलली. गोळी घेणे दात घासण्याला जोडले, कारण ते काम रोज त्याच क्रमाने होते आणि त्याला घड्याळ लागत नाही. डबा मात्र न्हाणीघरातील दमटपणापासून दूर, बाहेर चष्मा ठेवण्याच्या फळीवर ठेवला. अलार्म अर्ध्या तासाने वाजतो आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘आजचा कप्पा पाहा’ एवढेच शब्द येतात. गोळी घेण्याचा हुकूम सोडण्याऐवजी तो तपासणीची विनंती करतो. पाहायला गेले की उत्तर समोर असते : कप्पा रिकामा असेल तर दुसऱ्यांदा गोळी घेतली जात नाही, भरलेला असेल तर लगेच घेता येते.

वेळ सकाळची की रात्रीची, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. ब्रिटनमधील वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासात सकाळी आणि संध्याकाळी गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात व मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून जी वेळ चुकत नाही तीच योग्य, असे डॉक्टरांनी सांगितले. लघवी वाढवणारी गोळी तेवढी झोपमोड टाळण्यासाठी दिवसा घ्यायची.

डब्याचा खरा उपयोग यानंतर कळला. आठवड्याच्या शेवटी डबा पुन्हा भरण्यापूर्वी मी भरलेले राहिलेले कप्पे कागदावर टिपू लागलो. काही आठवड्यांनी त्यांत एक संगती दिसली. राहिलेले कप्पे विस्मरणाचे असते, तर ते कोणत्याही वारी असायला हवे होते. प्रत्यक्षात ते जवळजवळ नेहमी बाबा सकाळी बाहेर जात त्याच दिवसांचे होते. मी शांतपणे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाहेर सारखी लघवीला जागा शोधावी लागते, म्हणून त्या दिवशी नाही घेत.’’ त्रास फक्त क्लोरथॅलिडोनचा होता, पण कोणती गोळी कोणती हे डब्यात ओळखता येत नसल्यामुळे ते संपूर्ण कप्पाच सोडत आणि शेजारची टेल्मिसार्टनही राहून जाई. एका नकोशा गोळीमुळे तिन्ही चुकत होत्या. हे विस्मरण नव्हते. तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय होता, आणि अशा निर्णयावर अलार्मचा काहीही परिणाम होत नाही.

यावरून मला अमेरिकेतील दोन अभ्यासांचा अर्थही नीट समजला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिमाइंड’ या चाचणीत पन्नास हजारांहून अधिक लोकांपैकी काहींना गोळ्यांचा डबा, काहींना गोळ्यांच्या बाटलीसाठी घड्याळ असलेले झाकण किंवा बाटलीवर लावायची सरकत्या खुणांची पट्टी टपालाने पाठवली होती, पण साधन न मिळालेल्या गटाच्या तुलनेत औषध घेण्याचे प्रमाण वाढले नाही. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत मोबाइल ॲपमुळे रुग्णांनी स्वतः सांगितलेली नियमितता थोडी सुधारली, रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. साधन हाती दिले, पण गोळी का चुकते हे विचारले नाही, तर यापेक्षा वेगळे काय होणार, असे मला वाटते.

तो कागद डॉक्टरांना दाखवला. बाहेर जाण्याच्या दिवशी क्लोरथॅलिडोन घरी परतल्यावर दुपारी घ्यावी आणि बाकीच्या दोन गोळ्या सकाळीच घ्याव्यात, असे त्यांनी सांगितले. ती गोळी वेगळ्या रंगाच्या छोट्या डबीत गेली. एखादा दिवस चुकलाच, तर त्याच दिवशी आठवल्यास गोळी घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम कधीही घेऊ नयेत, हा नियमही त्यांनी लिहून दिला. ॲम्लोडिपिन शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे तिचा एक दिवस चुकल्यास रक्तदाब लगेच उसळत नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडिन घेणाऱ्यांनी मात्र अशी सवलत गृहीत धरू नये, कारण ही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

आता तिन्ही गोळ्या रोज पोटात जाऊ लागल्या आणि त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. जिच्याबद्दल मला आधी कोणीही सावध केले नव्हते. तिसरी गोळी ज्या काळात वाढवली गेली, त्या काळातही पहिल्या दोन गोळ्या नियमित घेतल्या जात नव्हत्या. म्हणजे उपचाराची मात्रा चुकलेल्या दिवसांवर बेतलेली होती. पूर्ण मात्रा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बाबांना खुर्चीवरून उठताना अंधारी येऊ लागली. घरी आम्ही सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजला आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढली. पूर्वी ती १४८/९० च्या घरात होती. आता ११४/६६ आली. उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजले तेव्हा वरचा आकडा ९२ पर्यंत उतरला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरणे ही डॉक्टरांना कळवण्याची बाब आहे, कारण त्यात पडण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासून क्लोरथॅलिडोन बंद केली. त्यानंतरची घरची सरासरी १२८/७६ आहे आणि अंधारी थांबली आहे.

त्यामुळे गोळ्या बऱ्याच काळापासून अनियमित घेणाऱ्या व्यक्तीसाठी डबा सुरू करायचा असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, पहिला महिनाभर उभ्याने रक्तदाब मोजावा आणि चक्कर हे रक्तदाब फार उतरल्याचे लक्षण मानावे, असा माझा आग्रह आहे. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा जे कोणता वार आहे हेच विसरतात, त्यांच्यासाठी साधा डबा पुरेसा नाही. तिथे रोजची गोळी दुसऱ्या माणसानेच हातात दिली पाहिजे.

अलीकडे डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन या दोन्हींची एकत्रित गोळी दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतही अशा एकत्रित गोळीला पसंती आहे, कारण तिने गोळ्यांची संख्याच कमी होते. या गोळीलाही ओलावा चालत नाही, म्हणून ती स्ट्रिपमध्येच राहते आणि मागे वार लिहिलेला असतो. डबा सध्या रिकामा आहे. अर्ध्या तासाने वाजणारा अलार्म तोच आहे, फक्त त्यातील शब्द बदलून ‘आजचा वार स्ट्रिपवर पाहा’ असे केले आहेत.