आयईएलटीएस रीडिंग : १६-२०-२२ ची वाटणी काही महिने वापरल्यानंतर

उन्हाळाभर धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत आम्ही तिघं-चौघं आयईएलटीएस अकॅडमिकची तयारी करत होतो. रीडिंगसाठी वेळेची एकच वाटणी मी तेव्हापासून आजवर वापरतो आहे. तिचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण क्लासमध्ये ‘प्रत्येक पॅसेजला वीस मिनिटं’ एवढंच सांगून पुढे जातात, आणि ते मला पटत नाही.

पेपर ६० मिनिटांचा, पॅसेज तीन, प्रश्न ४०. साधारणपणे पहिला पॅसेज सर्वांत सोपा आणि तिसरा सर्वांत अवघड असतो. गुण मात्र प्रत्येक प्रश्नाला एकच. तेव्हा सोप्या पॅसेजला अवघडाएवढाच वेळ द्यायचं कारण काय? मी पहिल्याला १६, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला २२ मिनिटं देतो. उरलेली २ मिनिटं रिकामी उत्तरं भरायला. कॉम्प्युटरवर उरलेला वेळ दिसतो, म्हणून मी तीनच आकडे लक्षात ठेवतो : ४४, २४, २. घड्याळात ४४ दिसले की पहिला पॅसेज बंद, मग एखादं उत्तर राहिलं असलं तरी.

खरा कस लागतो तो अडलेल्या प्रश्नावर. ‘दीड मिनिट झालं की सोडा’ हा सरसकट नियम मी आधी वापरून पाहिला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण अडणं दोन तऱ्हांचं असतं. एकात उत्तराची जागाच सापडत नाही. दुसऱ्यात जागा सापडते, पण दोन पर्यायांमध्ये मन डोलत राहतं. जागा सापडत नसेल तर प्रश्न लगेच सोडावा. पुढचे प्रश्न सोडवताना नजर त्या ओळीवरून पुन्हा जाते आणि बऱ्याचदा उत्तर आपोआप हाती लागतं. जागा सापडली असेल तर उलटं करावं. ते वाक्य आणि त्याच्या मागचं-पुढचं दोनदा वाचायचं, तिथेच निर्णय घ्यायचा आणि परत यायचं नाही. परत आलं की सगळा परिच्छेद नव्याने वाचावा लागतो आणि हाती नवीन काहीच लागत नाही.

ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनमध्ये याचा सर्वांत जास्त फायदा झाला. त्या प्रश्नांची उत्तरं पॅसेजमध्ये क्रमाने येतात. सरावातला एक दीपगृहावरचा पॅसेज घ्या. विसाव्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी मिळालं. एकविसावा अडला : ‘बांधकामाचा खर्च सरकारने केला.’ तो तसाच ठेवून बाविसावा केला, त्याचं उत्तर सहाव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला होतं. म्हणजे एकविसाव्याचं उत्तर असलंच तर पाचव्या परिच्छेदात. तिथे लिहिलं होतं, वादळांमुळे खर्च दुप्पट झाला आणि उशिराबद्दल जहाजमालकांनी तक्रार केली. पैसे कोणी दिले याबद्दल अक्षर नाही. जहाजमालक तक्रार करतात म्हणजे पैसे त्यांचेच असणार, असं वाटून हात फॉल्सकडे जातो. पण तो आपला तर्क झाला. फॉल्ससाठी पॅसेजने त्याच्या विरुद्ध काहीतरी सांगायला हवं. उत्तर नॉट गिव्हन. इथे अख्खा पॅसेज पुन्हा चाळत बसलं तर तीन-चार मिनिटं सहज जातात, कारण जे नाहीच ते आपण शोधत असतो.

माझ्यासोबत सराव करणारी वर्ध्याची एक नर्सताई नेमकी इथेच थांबायची. मी म्हटलं, “ताई, दोन्ही बाजूंच्या प्रश्नांच्या मधलाच भाग वाचा, नाही सापडलं तर नॉट गिव्हन टिचकवा अन् पुढे चला ना.” तिचा दुसरा पॅसेज तेव्हापासून वेळेत संपायला लागला.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘कोणत्या परिच्छेदात ही माहिती आहे’ या प्रकारात उत्तरं क्रमाने नसतात, म्हणून तो मी त्या पॅसेजमध्ये सर्वांत शेवटी घेतो. तोवर परिच्छेद ओळखीचे झालेले असतात. हेडिंग जुळवण्याच्या प्रश्नांत सोडून देणं जपून करावं. शंकेचं हेडिंग घाईने एका परिच्छेदाला दिलं की ज्याचं ते खरंच होतं, त्याचंही उत्तर चुकतं. तिथे खात्रीची हेडिंग्ज आधी लावून परिच्छेद मोकळा ठेवलेला बरा.

चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही जागा कोरी ठेवत नाही. कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी मात्र वेगळी काळजी घ्यावी. रीडिंगमध्ये उत्तरं उतरवायला जादा वेळ मिळत नाही, ती थेट उत्तरपत्रिकेवरच लिहायची. प्रश्न सोडला तर त्या क्रमांकासमोर पेन्सिलीने बारीक टिंब करा, नाहीतर पुढची सगळी उत्तरं एक ओळ वर सरकतात.

आता माझा पहिला पॅसेज ४४ च्या आधीच संपतो, पण तिसरा अजून ताणतो. लेखकाचं मत विचारणारे येस-नो-नॉट गिव्हन आले की २२ मिनिटं कमी पडतात. त्यामुळे सध्या पहिल्याला १५ देऊन एक मिनिट तिकडे वळवून पाहतो आहे.